रात्रीत उतरणारी कांडी: सोलापूरच्या उन्हाळ्यात सीएनजी गाडी वापरल्यानंतर

सर्व्हिस सेंटरने "प्रेशर सेन्सर बदलावा लागेल" म्हणून एस्टिमेट हातात ठेवलं, त्या रागात हे लिहायला घेतलंय. तक्रार साधी होती. मे महिन्यात भर दुपारी पंपावर गॅस फुल केला, गाडी घरी लावली आणि सकाळी पाहतो तर गॅसच्या मीटरवरची एक कांडी कमी. गाडी जागची हललेली नाही. घरात सगळ्यांना वाटलं गॅस गळतोय, आणि ६० लिटरची टाकी डिकीत असल्यावर तसं वाटणं साहजिकच आहे.

सेन्सरसाठी पैसे मोजण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. साबणाचं पाणी करून टाकीचा व्हॉल्व्ह, पाइपचे जोड आणि भरायच्या तोंडावर लावलं. कुठेही फुगे नाहीत, वासही नाही. मग गाडी दोन दिवस पेट्रोलवर चालवली आणि दोन्ही दिवशी सकाळी त्याच वेळेला मीटर पाहिला. पहिल्या रात्री उतरलेली कांडी तेवढीच उतरलेली होती, पुढे काही घसरलं नाही. गळती असती तर कांड्या रोज उतरत राहिल्या असत्या. एकदाच उतरून थांबलं, म्हणजे टाकीतला गॅस थंड झाला होता.

याचं कारण सीएनजी टाकीत कसा राहतो त्यात आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो गाडीत द्रव होत नाही, वायूच राहतो. म्हणून त्याला सुमारे २०० बार दाबाने कोंबावं लागतं. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसाच झटपट भरताना टाकीतला गॅसही तापतो. बाहेर ४३ अंश असताना तो ६०-६५ अंशांपर्यंत सहज जातो. मशीन दाब बघून २०० बारला थांबतं, पण तापलेल्या गॅसचा दाब २०० झाला तरी वजन कमीच असतं. रात्री गॅस ३० अंशांवर आला की तोच दाब १७० च्या आसपास उतरतो. कांडी दाब दाखवते, वजन दाखवत नाही.

हा हिशेब कागदावर मांडून मी सर्व्हिस सेंटरला दिला. दोन दिवसांचे मीटरचे फोटो जोडले आणि "गळती आढळली नाही" असं जॉबकार्डवर लिहून मागितलं. सल्लागार "साहेब, कंपनीची प्रोसिजर आहे" एवढंच म्हणत राहिला. शेवटी सेन्सर तसाच राहिला आणि एस्टिमेट रद्द झालं. ज्यांनी पैसे भरले असतील त्यांचा विचार करून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी पहाटे साडेपाच-सहाला गॅस भरतो. ६० लिटरच्या टाकीत १५ अंशांना २०० बारला जवळपास १० किलो मावतात. कंपनीच्या कागदावर टाकी मोठी वाटते ती याच हिशेबामुळे. दुपारी तापलेल्या टाकीत साडेसात किलोच्या आसपासच बसतो, पहाटे आठच्या वर. पाऊण किलोचा फरक. माझी गाडी हायवेला किलोमागे २४ किलोमीटर देते, म्हणजे अक्कलकोटला जाण्याचं निम्मं अंतर भरण्याची वेळ बदलून मिळालं.

पंपावरच्या पोराने मात्र आणखी एक गोष्ट दाखवली आणि माझं मत बदललं. मी म्हणत होतो सगळा दोष उन्हाचा. तो म्हणाला, "काका, इथे पाइपलाइन नाही, कॅस्केड येतं. ट्रक येऊन गेल्यावर बघा, नाहीतर १६० लाच थांबतंय." पाइपलाइन नसलेल्या पंपावर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरच्या रचनेतून येतो. तो साधारण २५० बारला भरून आणतात आणि गाड्या भरतील तसा दाब उतरत जातो. उतरलेला दाब पुन्हा चढवणारा बूस्टर नसेल, किंवा बंद असेल, तर १६० च्या वर गाडीत गॅस ढकलायला ताकदच उरत नाही. त्या दाबाला आणि ५० अंशांना ६० लिटरमध्ये साडेसहा किलोपेक्षाही कमी मावतो. टाकीत आधीचा थोडा शिल्लक असेल तर मशीनवर साडेपाच किलोचाच आकडा येतो, आणि आपण पोराशी भांडतो. पैसे वजनावर लागतात, त्यामुळे त्यात फसवणूक नाही, पण रांग मात्र दुप्पट वेळा लावावी लागते. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. पंपावर बोर्ड लावून शेवटच्या ट्रकची वेळ लिहायला काय अडचण आहे?

माझ्या मेहुण्याकडे एलपीजीवरची जुनी व्हॅन आहे. त्याला ही डोकेदुखी नाही. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन; थोडा दाब दिला की द्रव होतात. त्याच्या टाकीत दाब पाच-दहा बारच्या घरात असतो, म्हणून टाकीही हलकी. फक्त ती ८० टक्क्यांवर आपोआप थांबते, कारण द्रव उन्हात फुगतो आणि वर जागा लागतेच. ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटर एलपीजी आला, तर तो साधारण ३६ लिटर पेट्रोलइतकं काम करतो. तेवढ्याच टाकीत माझा आठ किलो सीएनजी १२ लिटर पेट्रोलइतकं काम करतो. पेट्रोल तर पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या साध्या टाकीत, कसलाही दाब न लागता मावतं. माझी डिकी गेली ती याच फरकापायी. गळती झाली तर मात्र उलटं: सीएनजी हवेपेक्षा हलका, वर उडून जातो, एलपीजी जड, खड्ड्यात आणि बंद पार्किंगच्या तळाशी साचतो. घरगुती लाल सिलिंडरचा गॅस व्हॅनमध्ये भरणारे आहेत, त्यांच्या शेजारी मी गाडीही लावणार नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. गॅस टाकीतून रिड्यूसरमध्ये येतो, तिथे २०० बारचा दाब दोन-तीन बारवर उतरतो. दाब एवढा उतरला की गॅस गारठतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनाच्या कूलंटची ऊब दिलेली असते. माझी गाडी पेट्रोलवर सुरू होऊन गरम झाल्यावर गॅसवर जाते ती त्यामुळे. एलपीजीला याच जागी व्हेपोरायझर असतो, तो द्रवाचा वायू करतो. पिकअप कमी का लागतो? सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणात मिथेनच दहाव्या हिश्शाच्या आसपास जागा अडवतो, तेवढी हवा कमी. पेट्रोलची वाफ दोन टक्क्यांच्या आसपासच जागा घेते, एलपीजी चारच्या घरात. तुळजापूरच्या घाटात चौघे बसल्यावर गिअर लवकर उतरवावा लागतो तो यामुळे. मिथेनची ऑक्टेन पातळी १२० च्या वर असते, पण पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनाला त्याचा पुरता फायदा घेता येत नाही; त्याला मिश्रण जास्त दाबणारं इंजिन लागतं.

गॅसवर व्हॉल्व्हच्या सीटला पेट्रोलच्या थेंबांचा गारवा मिळत नाही, म्हणून सीट झिजते आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. कोल्ड स्टार्टला थरथर वाढली तर आधी प्लग, मग टॅपेट तपासून घ्या, आणि टाकीत दहा-बारा लिटर पेट्रोल कायम ठेवा. टाकीवर खोदलेली हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याचा दाब देऊन टाकी तपासण्याची, तारीख दर तीन वर्षांनी येते. माझी पुढच्या वर्षी आहे. ती चुकली तर पंपावाला गॅस भरायला नकार देऊ शकतो.