दोन मेंदी कोन, दोन्ही 'नॅचरल': कोणता घ्यावा?

ऑनलाइन मेंदीचा कोन शोधला की दोन तऱ्हेच्या जाहिराती समोर येतात. दोन्हींवर हिरवं पान असतं आणि दोन्हींवर 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं असतं. नावं बाजूला ठेवून मी त्यांचा मजकूर शेजारी शेजारी मांडते.

| | कोन 'अ' | कोन 'ब' |
|---|---|---|
| घटक | मेंदीच्या पानांची पूड, पाणी, लिंबाचा रस, साखर, निलगिरी तेल | मेंदी, तेल, 'हर्बल रंग' |
| हातावर ठेवायचा वेळ | 6 ते 8 तास | 20 मिनिटं |
| रंग | आधी केशरी, दोन दिवसांत गडद तपकिरी | काढताक्षणी काळपट मरून |
| टिकाऊपणा | बाहेर 2-3 दिवस, फ्रीझरमध्ये सुमारे 6 महिने | बाहेर 2 वर्षं |
| त्वचेची सूचना | आधी पॅच टेस्ट करा | 'सर्व त्वचेसाठी सुरक्षित' |

घटकांची ओळ सगळ्यात आधी वाचली जाते, आणि खोटं लिहायला सगळ्यात सोपीही तीच. म्हणून मी उलट्या बाजूने, वेळ आणि टिकाऊपणापासून सुरुवात करते.

मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य म्हणजे लॉसोन. पूड पाण्यात आणि थोड्या आंबटात भिजली की ते हळूहळू मोकळं होतं, त्वचेच्या वरच्या थरात शिरतं आणि तिथल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं. हे काम तासांचं आहे. मेंदी काढल्यावर हात केशरी दिसतो आणि हवा लागत पुढच्या 24 ते 48 तासांत तो रंग चढतो. हेच लॉसोन भिजवलेल्या लगद्यात फार काळ टिकत नाही, दोन-चार दिवस बाहेर राहिलेला कोन फिका पडतो. म्हणजे 'अ'च्या अडचणी, लागणारा वेळ, आधीचा केशरी रंग आणि फ्रीझरची कटकट, या सगळ्या मेंदीच्याच अडचणी आहेत.

'ब'ला त्यातली एकही नाही, आणि शंका येते ती इथेच. 20 मिनिटांत काळपट रंग देणारं काहीतरी मेंदीव्यतिरिक्त त्यात आहे. अशा कोनांत पीपीडी सापडतं, म्हणजे केस काळे करायच्या डायमधलं रसायन, किंवा लालसर रंगासाठी सोडियम पिक्रामेट. पीपीडीने फोड येऊ शकतात, डाग राहू शकतात. त्याहून वाईट म्हणजे एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते, आणि पुढे साधा हेअर डाय लावला तरी उफाळते.

'मग पॅच टेस्ट करून 'ब' वापरू' हा विचार इथे चालत नाही. पहिल्या संपर्कात शरीर नुसतं 'शिकतं'. खरा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांनी किंवा पुढच्या खेपेला उठू शकतो. टेस्टचा ठिपकाच ॲलर्जीची सुरुवात ठरू शकतो. पॅच टेस्ट 'अ'साठी उपयोगी, कारण तिथे त्रास झालाच तर बहुधा निलगिरी किंवा लव्हेंडरसारख्या तेलाचा होतो. कोपराच्या आतल्या बाजूला नखाएवढा ठिपका द्या, वाळला की काढा आणि 48 तास बघा. केशरी डाग पडणारच. खाज, सूज, पुरळ आलं तर तो कोन वापरू नका. रक्तातल्या जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी शुद्ध मेंदीही टाळायची, कारण लॉसोनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. तान्ह्या बाळांना तर लावूच नये. हे इशारे स्वतःहून लिहिणारा विक्रेता मला जास्त भरवशाचा वाटतो.

समजा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी आहे. 'अ' सोमवारी हातात आला पाहिजे, टेस्टसाठी एक जास्तीचा कोन धरून. बाकीचे लगेच फ्रीझरमध्ये टाका, सोमवारी रात्री ठिपका द्या, बुधवारी रात्री निकाल कळेल. गुरुवारी कोन बाहेर काढून पूर्ण नरम होऊ द्या आणि आधी तळहातावर एक थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा. केशरी खूण राहिली तर कोन जिवंत आहे. खूण नाही, पाणी वेगळं सुटलंय किंवा आंबूस वास येतोय, तर तो वाटेतच उतरलाय. म्हणून विक्रेत्याला 'एक्सपायरी' विचारण्यापेक्षा 'लगदा कोणत्या दिवशी भिजवला आणि वाटेत किती दिवस जातील' हे विचारा.

गुरुवारी संध्याकाळी लावून रात्रभर ठेवा. शुक्रवारी सकाळी पाणी न लावता खरवडून काढा आणि संध्याकाळपर्यंत तरी हात कोरडे ठेवा. शनिवारी तळहात गडद झालेले असतील. हाताची मागची बाजू मात्र फिकीच राहणार, तिथली कातडी पातळ; त्यात कोनाचा दोष नाही.

आणि हातात फक्त शनिवारची दुपार असेल तर? तरीही 'ब' नको. 'अ' लावा आणि त्या संध्याकाळी केशरी हात चालवून घ्या. रविवारी-सोमवारी ते गडद दिसतील.