रात्रीच्या लाँग एक्स्पोजर फोटोतून एकाच गाडीच्या दिव्यांची रेघ पुसायची आहे: 30 सेकंदांची एक फ्रेम घ्यावी की 5-5 सेकंदांच्या सहा?

इंदूरला एबी रोडवर पलासियाच्या बाजूला एखाद्या गच्चीवर ट्रायपॉड लावला आहे, असं धरू. डावीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या तीन लाल रेघा छान आल्यात, पण एक गाडी तिरकी घुसून तिन्ही कापून गेली. तिची रेघ फोटोतून काढून टाकायची आहे.

एकच फ्रेम असेल (30 सेकंद, f/11, ISO 100), तर रेघ मोकळ्या डांबरावर असताना काम सोपं आहे. त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर रिकाम्या रस्त्याची एक फ्रेम घ्या, ती वरच्या लेयरवर ठेवा आणि मास्कने फक्त त्या रेघेपुरती दाखवा. क्लोन करण्यापेक्षा हे बरं, कारण लेनचे पट्टे जागच्या जागी राहतात. अडतं ते छेदाच्या ठिकाणी. तिथे दोन्ही गाड्यांचा उजेड सेन्सरवर एकत्र साठलेला असतो, तो वेगळा करता येत नाही. रिकामी फ्रेम दाखवली की लाल रेघही तुटते, मग तिचा तुकडा शेजारून आणून बसवायचा. लांब गेल्यावर रेघ बारीक होत जाते, त्यामुळे जोड लगेच दिसतो.

सहा फ्रेम घेतल्या की हा पेच बहुतेक वेळा सुटतो. लेयर `Lighten` मोडवर ठेवले की प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ पिक्सेल टिकतो. तिरकी गाडी तिसऱ्या-चौथ्या फ्रेममध्येच असेल, तर त्या दोन लेयरवर तिच्या वाटेवर काळा ब्रश फिरवा. छेदातल्या लाल रेघा इतर फ्रेममधून तशाच राहतात. ब्रश मात्र रेघेपेक्षा बराच रुंद घ्या, नाहीतर हेडलाइटचा डांबरावर पडलेला फिका पट्टा मागे उरतो. लाल गाडी त्याच फ्रेममध्ये त्याच जागेवरून गेली असेल, तर इथेही इलाज नाही.

या पद्धतीची खरी गोम एक्स्पोजरमध्ये आहे. `Lighten` उजेडाची बेरीज करत नाही, म्हणून रस्ता आणि इमारती एका 5 सेकंदांच्या फ्रेमइतक्याच, म्हणजे सुमारे अडीच स्टॉप काळ्या येतात. सगळ्याच फ्रेमचा ISO वाढवला, तर लाल रेघा जळून पांढऱ्या पडतात. रेघेची उजळी अ‍ॅपर्चर आणि ISO वर ठरते, शटर किती वेळ उघडं होतं यावर नाही. म्हणून रेघांच्या फ्रेम f/11, ISO 100 वरच घ्या आणि सिग्नलने रस्ता मोकळा केला की 5 सेकंदांची एक फ्रेम ISO 640 वर घेऊन सर्वांत खाली ठेवा.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद हवं, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ अडकतो. रिमोट लॉक करून सलग फ्रेम काढा. मध्ये एक सेकंद गेला, तरी ताशी 40 किमीने जाणारी गाडी 11 मीटर पुढे सरकते आणि रेघ तुटक दिसते.

गर्दीच्या रस्त्यावर सहा फ्रेमच घ्याव्यात. रात्री उशिरा, रेघा एकमेकींना छेदत नसतील, तर एक फ्रेम आणि एक रिकामी फ्रेम पुरे.