कंडिशन-वॉरंटी की ओनरशिप ट्रान्सफर: बिझनेस लॉच्या पेपरात कुठला प्रश्न घ्यायचा?

एमबीए, बीएमएस, बीबीए, कुठलाही कोर्स घ्या, सेल ऑफ गुड्स ॲक्ट 1930 वर केस आली की साधारण या दोनपैकी एका टॉपिकवर असते. बऱ्याचदा दोन्ही ऑप्शनमध्ये असतात आणि मग पोरं विचारतात की कुठला सोपा. माझं मत आधीच सांगतो, कलमं क्रमाने पाठ असतील तर ओनरशिप घ्या, तिथे उत्तर बहुतेक एकच निघतं. कंडिशन-वॉरंटीत मात्र बाजू मांडावी लागते, नुसतं पाठांतर चालत नाही, पण ज्याला लिहिता येतं त्याला तिथेच जास्त मार्क मिळतात.

खरी अडचण वेगळीच आहे, केस वाचून ती कुठल्या टॉपिकची आहे हेच कळत नाही. त्यासाठी प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची. "नुकसान कोणाचं", "माल कोणाचा", "तिसऱ्या माणसाला मालकी मिळाली का" असं विचारलं असेल तर ओनरशिप, म्हणजे कलम 18 ते 30. "माल परत करता येईल का", "खरेदीदाराकडे काय उपाय" असं असेल तर कंडिशन-वॉरंटी, म्हणजे 11 ते 17 आणि सोबत भरपाईसाठी 59.

एकच सौदा घेऊन दोन्ही बघू म्हणजे फरक कळेल. लातूरचा व्यापारी सोलापूरच्या तेल मिलवाल्याला गोदामातला सोयाबीनचा एक ठराविक ढीग अख्खा विकतो, भाव 4,500 रुपये क्विंटल, व्यापारी उद्या वजन करून फायनल बिल कळवणार, पैसे 15 दिवसांनी. त्याच रात्री कोणाचीही चूक नसताना आग लागून सगळा ढीग जळाला. नुकसान कोणाचं?

इथे कलम 22 लागतं. ढीग ठरलेला आहे, माल द्यायच्या अवस्थेत आहे, पण किंमत काढायला विक्रेत्याने वजन करायचं बाकी आहे, ते होऊन खरेदीदाराला कळेपर्यंत मालकी जात नाही. मालकी नाही म्हणजे कलम 26 प्रमाणे जोखीमही नाही, सबब नुकसान व्यापाऱ्याचं, आणि कलम 8 मुळे करारच रद्द होतो त्यामुळे मिलवाला पैसे देणं लागत नाही. आता एकच गोष्ट बदला, भाव क्विंटलवर नाही तर "अख्खा ढीग 9 लाखाला". आता काहीच करायचं बाकी नाही, कलम 20 लागलं, करार झाला त्या क्षणी मालकी मिलवाल्याकडे गेली, पैसे 15 दिवसांनी द्यायचेत आणि माल अजून लातूरलाच आहे याने काही फरक पडत नाही, नुकसान त्याचं. (अर्थात दोघांचं वेगळं काही ठरलं नसेल तर, कारण कलम 19 सांगतं की पक्षांचा हेतू पहिला, 20 ते 24 हे नियम तो हेतू कळत नसेल तेव्हाचे. हे एक वाक्य उत्तराच्या सुरुवातीला टाकायचंच, निम्मे लोक विसरतात.)

अजून एक खुबी, कलम 22 मध्ये वजन *विक्रेत्याने* करायचं असायला हवं. केसमध्ये खरेदीदार स्वतःच्या काट्यावर वजन करणार असेल तर 22 लागत नाही. पेपर काढणारे हा एक शब्द मुद्दाम फिरवतात.

आता आग विसरा. वजन झालं, 200 क्विंटल भरलं, माल सोलापूरला पोचला. व्यापारी बोलला होता "ओलावा 10 टक्क्यांच्या आत", निघाला 16. माल परत करता येईल का?

इथे एका ओळीत उत्तर देणारा फसतो. कलम 12 प्रमाणे जी अट कराराच्या मूळ हेतूला लागून आहे ती कंडिशन, मोडली तर माल नाकारता येतो, जी दुय्यम आहे ती वॉरंटी, तिथे फक्त भरपाई. ओलाव्याची अट यातली कुठली हे केसमधल्या तपशिलावर ठरणार. मिलवाल्याने सांगितलं असेल की मला हा माल चार महिने साठवायचाय, ओला असेल तर बुरशी धरेल, तर ती कंडिशन म्हणता येते. पण लगेच गाळायचा असेल आणि ओलावा जास्त निघाला तर भावात कट द्यायचा असं दोघांत ठरलेलं असेल तर ती वॉरंटीकडे झुकते. करारात तिला "वॉरंटी" असं नाव दिलं असलं तरी ती कंडिशन असू शकते, 12(4) मध्ये स्पष्ट लिहिलंय. परीक्षकाला निकालापेक्षा ही कारणं हवी असतात.

पुढचा ट्विस्ट असा की समजा कंडिशनच आहे, पण मिलवाल्याने ओलावा बघितला आणि तरी निम्मा माल गाळून टाकला. आता कलम 13(2), करार तुकड्यांत विभागता येण्यासारखा नाही आणि मालाचा काही भाग जरी स्वीकारला तरी कंडिशनचा भंग वॉरंटीच्या भंगासारखाच धरायचा, माल परत नाही, भरपाई घ्या. ओल्या मालाचा बाजारभाव 4,100 असेल तर फरक 400 रुपये, 200 क्विंटलला 80,000, तेवढे कलम 59 खाली बिलातून कापता येतात. माल घेऊन बराच काळ गप्प बसला तरी कलम 42 प्रमाणे स्वीकारलाच धरतात.

आणि दोन टॉपिक जिथे खरोखर गुंततात ती जागा हीच. जुन्या नोट्समध्ये 13(2) खाली अजून एक ओळ सापडेल की ठराविक मालाची मालकी खरेदीदाराकडे गेली की माल परत करायचा हक्क संपतो. 1963 च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकलेत. म्हणजे 9 लाखाच्या ढिगाची मालकी करार होताक्षणी गेली तरी कंडिशन मोडली असेल आणि माल स्वीकारला नसेल तर तो नाकारता येतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सवर अभ्यास करणाऱ्यांनी हे एकदा बेअर ॲक्टमध्ये बघून घ्या.

चोरीच्या मालाची केस आली तर दोन्ही टॉपिक एकदम येतात. रोलँड विरुद्ध डिव्हॉल, 1923 ची इंग्लिश केस, खरेदीदाराने गाडी घेतली, काही महिने वापरली, नंतर ती चोरीची निघून पोलिसांनी नेली. प्रश्न खऱ्या मालकाचा असेल तर कलम 27, विकणाऱ्याकडेच मालकी नव्हती म्हणून घेणाऱ्याला मिळाली नाही. प्रश्न विक्रेत्याविरुद्धचा असेल तर कलम 14, विकायचा हक्क असणं ही गृहीत कंडिशन आहे, आणि त्या केसमध्ये वापर होऊनही पूर्ण पैसे परत मिळाले, कारण ज्यासाठी पैसे दिले ती मालकी मिळालीच नव्हती. शेवटच्या ओळीत दोघांचंही विचारलं असेल तर आधी 27 लिहा मग 14, उलट लिहिलं की उत्तर विस्कटतं.