हाउसहोल्डर क्यूआर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या विहिरीची मे महिन्यातली पाण्याची खोली मी २००० ते २०२४ दर वर्षी वहीत लिहिली आहे. २५ नोंदी. त्यांतून वर्षाच्या तिसऱ्या घातापर्यंतची वक्ररेषा काढायची होती, म्हणजे अज्ञातं ४ आणि समीकरणं २५. नेहमीप्रमाणे नॉर्मल इक्वेशन्स मांडली, A^T A x = A^T b, आणि चोलेस्की चालवलं. शेवटच्या पायरीवर वर्गमुळाखाली ऋण संख्या आली आणि प्रोग्राम थांबला. संध्याकाळभर मी वहीतले आकडे तपासत बसलो. आकडे बरोबर होते.

कारण असं. कॉलम होते 1, t, t², t³ आणि t म्हणजे २००० ते २०२४. इतक्या अरुंद पट्ट्यात हे चारही कॉलम जवळजवळ एकाच दिशेला असतात. कॉलमांची लांबी सारखी करून घेतली तरी कंडिशन नंबर, म्हणजे चूक किती पट फुगू शकते तो आकडा, साधारण २५ कोटी भरतो. A^T A केलं की त्याचा वर्ग होतो, म्हणजे ६ वर १६ शून्यं. डबल प्रिसिजनमध्ये आकडेच मुळी सोळाएक असतात, त्यामुळे उत्तरासाठी काही उरतच नाही. हाउसहोल्डर क्यूआर A^T A चा गुणाकार करतच नाही. तो थेट A वर आरशासारखी परावर्तनं लावून कर्णाखाली शून्यं असलेला R काढतो, आणि ती सगळी परावर्तनं मिळून Q होतो. परावर्तनाने लांबी बदलत नाही, म्हणून चूक फुगत नाही. २५ कोटींचे आठ-नऊ अंक गेले तरी सातएक हातात राहतात, आणि विहिरीला तेवढे पुष्कळ झाले.

हे कागदावर पाहायचं असेल तर एक छोटं उदाहरण पुरतं. नवीन प्रोग्राम हातात आला की मी आधी हेच चालवतो. e = 10^-8 घ्या. पहिला कॉलम (1, e, 0), दुसरा (1, 0, e), आणि b = (2, e, e). खरं उत्तर (1, 1). A^T A च्या कर्णावर 1 + e² येतं, पण e² = 10^-16 ही भर डबलमध्ये टिकत नाही आणि 1 उरतो. चारही जागी 1, मॅट्रिक्स सिंग्युलर, खेळ संपला.

आता परावर्तन. पहिल्या कॉलमची लांबी 1 धरली जाते, म्हणून v = (1+1, e, 0) = (2, e, 0). ते लावल्यावर पहिला कॉलम (-1, 0, 0), दुसरा (-1, -e, e) आणि b होतो (-2, -e, e). खालच्या दोन ओळींत दुसरा कॉलम आणि b अगदी सारखे, म्हणून x2 = 1. वरच्या ओळीवरून x1 = 1. पूर्ण बरोबर.

सगळ्यांत जास्त मी अडलो ते चिन्हापाशी. वरच्या उदाहरणात 1+1 केलं. मी स्वतः लिहिलेल्या पहिल्या प्रोग्राममध्ये 1−1 होतं, कारण गणिताच्या दृष्टीने दोन्ही परावर्तनं चालतात. पण यंत्रात v = (0, e, 0) झालं. ते लावलं की e जागेवरून हलत नाही, नुसता −e होतो. जिथे शून्य यायला हवं तिथे ते आलंच नाही. प्रोग्राम मात्र तिथे शून्य आहे असं धरून पुढे गेला. उत्तर योगायोगाने (1, 1) आलं, पण शेष शून्याऐवजी 10^-8 दाखवत होता, म्हणून सापडलं. दुरुस्ती एवढीच:

```
s = 1.0 if x[0] >= 0 else -1.0
v = x.copy()
v[0] += s * norm(x)
```

पहिल्या घटकाचं जे चिन्ह, त्याच चिन्हाने लांबी मिळवायची, म्हणजे वजाबाकीत अंक खाल्ले जात नाहीत. या एका ओळीवर मी दोन आठवडे घालवले, म्हणून ती इथे आवर्जून लिहितोय.

काटकसरीच्या बाजूनेही तक्रार नाही. Q कधीच पूर्ण मांडावा लागत नाही. v चे घटक A मध्ये शून्य झालेल्या जागीच बसतात, आणि b ला तीच परावर्तनं लावून पुढे जायचं. नोंदी अज्ञातांपेक्षा खूप जास्त असतील तर काम नॉर्मल इक्वेशन्सच्या साधारण दुप्पट होतं. २५ ओळींसाठी तो फरक जाणवतही नाही. आता मी LAPACK या मॅट्रिक्सच्या लायब्ररीतलं `dgels` वापरतो. आत हीच पद्धत आहे.

पाचव्या महिन्यात माझं मत थोडं बदललं. t ऐवजी (t−2012)/12 घेतलं आणि कंडिशन नंबर २५ कोटींवरून ५ च्या आसपास आला. त्यावर जुनी नॉर्मल इक्वेशन्सही नीट चालली. म्हणजे माझ्या विहिरीचा अर्धा दोष मी वर्ष जसंच्या तसं भरण्यात होता. तरी क्यूआर सोडलेलं नाही, कारण प्रत्येक डेटा असा सरकवून सुधारत नाही, आणि नॉर्मल इक्वेशन्स दर वेळी माझ्यासारखी थांबून सांगत नाहीत. कधी कधी चुकीचं उत्तर गुपचूप देतात.

एक मर्यादा मात्र राहते. शेष मोठे असतील तर कंडिशन नंबरच्या वर्गाचा काही वाटा समस्येतच असतो आणि तो क्यूआरनेही जात नाही. कॉलम खरोखरच एकमेकांवर अवलंबून असतील तर साधं क्यूआर पुरत नाही, कॉलमांची अदलाबदल करणारं `dgeqp3` लागतं. R च्या कर्णावरचा शेवटचा आकडा पहिल्याच्या मानाने 10^-16 च्या घरात गेलेला दिसला की मी तिकडे वळतो.