मेंदीच्या बुकिंगला टोकन घ्यावं की अर्धी रक्कम?

तुळशीचं लग्न झालं की तारखा भराभर भरतात, म्हणून आधीच सांगते. टोकन नवरीला सोपं जातं: 6,000 च्या मेंदीला 500 दिले की तारीख पक्की. पण गेल्या वर्षी एकीने आदल्या दिवशी नकार कळवला. कोन भरून फ्रीजरमध्ये होते, मदतनीस मुलगी ठरलेली होती आणि त्याच दिवसाची दोन कामं मी सोडली होती. 500 रुपयांत त्या मुलीची मजुरीही निघाली नाही.

आता नवरीच्या मेंदीला अर्धे, म्हणजे 3,000 आधी घेते. लग्न पुढे गेलं तर 15 दिवस आधी कळवा, पैसे नव्या तारखेला धरते. त्यानंतर कळवलं तर ते परत मिळत नाहीत, कारण इतक्या उशिरा ती तारीख दुसरं कुणी घेत नाही. पाहुण्यांच्या हातांसाठी मात्र टोकनच बरं. तिथे आकडा शेवटपर्यंत बदलतो.