कागद, आवाज की दिवा? कुडाळच्या गोदामातला हिशेब

गणपतीच्या आधीचे तीन आठवडे आमच्या कुडाळ एमआयडीसीतल्या गोदामाची खरी परीक्षा असते. काजू, कोकम सरबत, आगळ, आंबापोळी, फणसपोळी हे सगळं सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंतचे दुकानदार भरून ठेवतात, कारण चाकरमानी परत जाताना पिशव्या भरभरून नेतात. त्याच गर्दीत एका दुकानदाराने डब्ल्यू २४० काजूची बारा पाकिटं मागवली आणि त्याला डब्ल्यू ३२०ची गेली. २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर, ३२० म्हणजे ३०० ते ३२०. गर लहान, भावही कमी. पाकिटं मात्र हुबेहूब सारखी, फक्त कोपऱ्यातला आकडा वेगळा.

तेव्हापासून कुठला माल काढायचा ते कानात बोलून सांगणारं व्हॉइस पिकिंग घ्यावं की कप्प्यावर दिवा पेटवून दाखवणारं पिक टू लाईट, हा विषय आमच्याकडे रोज निघू लागला. मी मात्र आधी महिनाभर चुकांची वही ठेवली. तुम्हीही यंत्राचा भाव विचारण्याआधी तेवढं कराच.

वहीत आलं ते असं. महिन्याला साधारण १०,४०० ओळी, म्हणजे बिलावरचे तेवढे नग-वस्तूंचे उल्लेख, आम्ही काढतो. त्यात ५२ चुका, म्हणजे हजारी पाच. त्यातल्या २१ संख्येच्या, १७ शेजारच्या किंवा सारख्या दिसणाऱ्या मालाच्या, ८ ओळी सुटल्या आणि ६ वेळा एका पार्टीचा माल दुसऱ्याच्या खोक्यात गेला. पद्धत निवडायची ती या चार आकड्यांवरून, कारण प्रत्येक पद्धत वेगळी चूक थांबवते.

संख्येच्या २१ चुकांकडे आधी बघू. आमचा कागद म्हणजे बिलाचीच छापील प्रत. माल बिलात ज्या क्रमाने टाईप झाला त्याच क्रमाने ओळी, आणि ‘१२’ म्हणजे पेट्या की नग हे सगळ्यात शेवटच्या बारीक रकान्यात. एक पोऱ्या रोज मला विचारायचा, "दादानू, ह्यो बारा पेटयो काय बारा नग?" जो विचारायचा तो चुकायचा नाही. बाकीचे अंदाजाने काढायचे. आम्ही यादी बिलापासून वेगळी केली, रॅकच्या क्रमाने लावली, कप्प्याचा नंबर डावीकडे मोठ्या अक्षरात छापला आणि पेटी व नग असे दोन स्वतंत्र रकाने केले. पुढच्या महिन्यात संख्येच्या चुका २१वरून सहावर आल्या. इथे यंत्राची गरजच नव्हती, कागदाची मांडणी चुकीची होती.

कागदाची खरी कमजोरी वेगळी आहे. तो काहीच विचारत नाही. माणूस दहा ओळींचा माल काढून शेवटी दहाही ओळींवर एकदम टिक मारतो, आणि मधली सुटलेली ओळ पार्टीचा फोन आला की कळते. या आठ चुका आवाज आणि दिवा दोन्ही पद्धती जवळपास मिटवतात, कारण प्रत्येक ओळीला होकार मिळाल्याशिवाय ऑर्डर बंद होत नाही.

आता सगळ्यात अवघड, सारख्या दिसणाऱ्या मालाच्या १७ चुका.

व्हॉइसमध्ये कानातला हेडसेट कप्पा सांगतो. माणूस तिथे जाऊन कप्प्यावर चिकटवलेले दोन-तीन अंक, म्हणजे चेक डिजिट, मोठ्याने वाचतो. अंक जुळले तरच किती काढायचे ते ऐकू येतं आणि तो आकडाही परत बोलावा लागतो. हात मोकळे, डोळे मालावर. काही प्रणाली प्रत्येक माणसाचा आवाज आधी शिकून घेतात, त्यांना मालवणी हेल अडत नाही, पण नव्या माणसाला सुरुवातीला शब्द म्हणून दाखवायला बसावं लागतं.

यात एक फट आहे. रोज जाणाऱ्या कप्प्याचे अंक काही आठवड्यांत पाठ होतात, मग माणूस वाटेतच अंक बोलून मोकळा होतो आणि हात शेजारच्या कप्प्यात जातो. हे पकडायला नोंदींतल्या वेळा बघा. कप्पा सांगितल्यापासून अंक बोलेपर्यंतचा वेळ तिथवर चालत जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असेल, तर अंक पाठ झाले आहेत. मग ते अंक बदला, आणि नवे स्टिकर कप्प्याच्या आतल्या कडेला लावा, म्हणजे वाकून बघावंच लागेल.

पिक टू लाईटमध्ये ऑर्डरचं खोकं स्कॅन केलं की लागणाऱ्या कप्प्यांवरचे दिवे पेटतात, बाजूला संख्या दिसते, माल काढून बटण दाबायचं. वाचायचं फक्त संख्या, त्यामुळे हंगामी पोरगा पहिल्याच दिवशी कामाला लागतो. गणपतीच्या गर्दीला याच्यासारखं दुसरं नाही. पण साध्या दिव्याला हात कुठे गेला ते कळत नाही. दिवा २४०वर, हात ३२०मध्ये, आणि बटण मात्र पेटलेलंच दाबलं, तर प्रणालीच्या लेखी सगळं बरोबर. म्हणून आम्ही २४० आणि ३२० एकमेकांपासून दोन रॅक लांब नेले. दिवे लावणार असाल तरी हे कराच.

आणि त्या १७पैकी पाच चुका माल काढताना झाल्याच नव्हत्या. रॅक भरताना ३२०ची पेटी २४०च्या कप्प्यात रिकामी केली होती. आवाजाने कप्पा तपासला असता, तर तोही बरोबरच निघाला असता. दिवाही बरोबर कप्प्यावर पेटला असता. एकाच कप्प्यातून पाठोपाठ दोन-तीन पार्ट्यांना तोच चुकीचा माल गेला असेल, तर चूक भरणाऱ्याची समजा. त्यावर उपाय एकच, भरताना पेटीचा आणि कप्प्याचा बारकोड दोन्ही स्कॅन करायचे.

खोकी अदलाबदल होण्याच्या सहा चुका एका ट्रॉलीवर तीन पार्ट्यांचा माल एकदम काढल्यामुळे झाल्या. व्हॉइस माल टाकताना खोक्याचाही नंबर बोलायला लावू शकतो. ट्रॉलीवरच्या खोक्यांना छोटे दिवे लावणं हा दुसरा मार्ग.

खर्चाचं गणित असं. दिव्यांचा खर्च कप्प्यांच्या संख्येने वाढतो, आवाजाचा माणसांच्या संख्येने. आमच्याकडे ६०० कप्पे आणि माल काढणारे चौघे. सगळीकडे दिवे लावायचे तर ६०० युनिट आणि त्यांची वायरिंग, आवाजाला चार हेडसेट. पण निम्म्याहून जास्त ओळी चाळीसच वस्तूंच्या असतात आणि त्या पॅकिंगच्या टेबलाजवळ आहेत. माझं मत म्हणून असं झालंय की त्या चाळीस कप्प्यांना दिवे, उरलेल्या लांबच्या रॅकना आवाज, आणि सुधारलेली छापील यादी वीज गेल्यावरची सोय म्हणून तयार. ज्यांच्याकडे दिवसाला शंभरेक ओळी आहेत त्यांनी तूर्त कागदच नीट करावा, दोन्हीपैकी काहीच घेऊ नये.

आपल्या हवेचाही विचार हवा. खाऱ्या दमट हवेत दिव्यांच्या जोडांवर हिरवट थर चढतो आणि एखादा दिवा अधूनमधून पेटेनासा होतो, म्हणून रोज सकाळी सगळे दिवे एकदा पेटवून बघायचा नियम हवा, आणि दिव्यांच्या पट्टीला यूपीएस. व्हॉइसला वाय-फाय लागतं, लोखंडी रॅकमागे ते तुटतं, तेव्हा प्रत्येक गल्लीच्या टोकापर्यंत चालून बघा. आणि हेडसेटचा डेमो एप्रिलात घेऊ नका. जुलैत, पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, तुमच्याच माणसाच्या कानाला लावून घ्या. त्या आवाजात चेक डिजिट दोनदा-तीनदा परत बोलावे लागत असतील, तर मायक्रोफोन बदलून मागा आणि तोवर ऑर्डर देऊ नका.