आठवड्याची पोस्ट: एजन्सीने लिहिलेली की आपण बोललेली?

लिंक्डइनवर दर आठवड्याला लिहायचं, हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. प्रश्न उरतो तो लिहायचं कुणी. कोल्हापुरात आमची छोटी फाउंड्री आहे. कास्टिंग मशिनिंग करून युरोपात पाठवतो. नऊ महिने एजन्सीकडून लिहून घेतलं. आता दीड वर्ष होत आलं, मीच बोलतो आणि डिस्पॅचची कागदपत्रं बघणारी आमची मुलगी ते लिहून काढते.

एजन्सीचं श्रेय आधी देतो. गुरुवार कधी चुकला नाही. प्रोफाइल नीट झालं, फोटो चांगले आले. मी प्रदर्शनाला गेलो तरी पोस्ट वेळेवर पडायची. माझ्या पद्धतीत दौऱ्याचे आठवडे सरळ बुडतात. लाइकही तेव्हा जास्त मिळायचे, फक्त ते बहुतेक इतर एजन्सीवाल्यांचे आणि आपल्याच एमआयडीसीतल्या मित्रांचे असायचे.

बिनसलं ते एका वाक्यावरून. मजकूर मंजुरीला बुधवारी रात्री यायचा आणि मी भट्टीच्या गडबडीत ‘ओके’ लिहून मोकळा व्हायचो. एकदा त्यात ‘आम्ही शून्य दोषाचा पुरवठा करतो’ असं गेलं. वाळूच्या साच्यात ओतकाम करणारा माणूस असं झोपेतसुद्धा बोलणार नाही. ब्लोहोल कातडीखाली लपलेलं असतं, ते कधीकधी मशिनिंगनंतरच दिसतं. पुढच्या व्हिडिओ कॉलवर जर्मन ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याने शांतपणे विचारलं, ‘हे पुरवठा करारात लिहून द्याल का?’ माझ्याच नावाची पोस्ट, आणि ती मी तेव्हा त्याच्या स्क्रीनवर पहिल्यांदा नीट वाचली. चूक एकट्या एजन्सीची नव्हती, ओके मीच दिलं होतं. पण दर बुधवारी कुणा दुसऱ्याच्या वाक्यांत असली वाक्यं शोधत बसायचं, तर तेवढ्या वेळात स्वतः बोलून होतं.

फरक कळायला एकच विषय घ्या. पावसाळ्यात भरलेल्या कंटेनरमधल्या मालाला गंज आल्याची तक्रार इटलीहून आली. यावर एजन्सीने ‘संकटातून शिकणारी पुरवठा साखळी’ असं लिहिलं होतं. वाचायला वाईट नाही, पण ते कुणाच्याही कारखान्याला लागू पडेल. नंतर तोच विषय मी गाडीत चार मिनिटं बोललो, तो असा: आधी आम्ही गंजरोधक तेलावर संशय घेतला. पण ग्राहकाच्या फोटोत गंज फक्त खालच्या थरात होता, तोही पॅलेटच्या फळ्यांच्या रेघेत. म्हणजे पाणी लाकडातून आलं. पॅलेटवर आयएसपीएम-15 या लाकडी पॅकिंगच्या नियमाचा, उष्णता दिल्याचा शिक्का होता. तो मिळतो लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवल्यावर. त्याने कीड मरते, लाकूड वाळलंच असं नाही. शिवाय शिक्क्यानंतर ते पॅलेट आमच्याच अंगणात दोन दिवस भिजलं होतं. कंटेनर उन्हात तापला की लाकडातला ओलावा बाहेर पडतो आणि रात्री गार धातूवर दव धरतं. गंजरोधक व्हीसीआय पिशवी होती, पण कास्टिंगच्या धारेने ती तळाला फाटली होती. आता आम्ही फळीत दोन पिना टोचून ओलावा मोजतो. 20 टक्क्यांच्या वर निघाला तर पॅलेट परत जातं, आणि पिशवीखाली जाड पुठ्ठा असतो.

पोस्ट एवढीच होती. लिहिणाऱ्या मुलीला एकच सांगून ठेवलंय: माझं इंग्रजी सुधार, पण ‘तेलावर संशय घेतला’ हे काढू नकोस. खरेदीवाला नेमका तिथे थांबतो, कारण त्याच्याकडेही तेच झालेलं असतं. विषय कमी पडत नाहीत. तक्रारींची फाइल आणि ग्राहकांच्या मेलमधले प्रश्न यांवर वर्ष निघतं. जपायचं ते गोपनीयतेचं. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, टेबलावर पडलेलं ड्रॉइंग फोटोत येता कामा नये. हे आमच्या मुलीला पटकन दिसतं, कारण तीच इन्व्हॉइस बनवते.

तुम्ही शॉपफ्लोअरवर फारसे नसाल, किंवा घरात लिहिणारं कुणी नसेल, तर एजन्सी घ्या, वाईट नाही. मधला मार्गही आहे: महिन्यातून एकदा त्यांच्या माणसाला तासभर शॉपमध्ये फिरवायचं आणि चार पोस्ट काढायच्या. फक्त तो माणूस दर वेळी तोच हवा, नाहीतर कोअर आणि पॅटर्नमधला फरक दर महिन्याला नव्याने सांगावा लागतो. मी हे दोन महिने केलं, तिसऱ्या महिन्यात नवा चेहरा आला.

गंजाच्या पोस्टला लाइक मोजून अकरा मिळाले. पण हॉलंडच्या एका खरेदीवाल्याने खाली विचारलं, पिना फळीत किती खोल टोचता? मी भट्टीपाशीच उभा होतो, तिथूनच उत्तर टाकलं.